सात हजार सातशेचा भागाकार

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दादाचा फोन आला आणि नेहमीची विचारपूस व्हायच्या आतच त्याने विचारले, "बायो, गणित चुकते की माणूस खोटा पडतो?" दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत त्याचे किराण्याचे दुकान आहे, वय 46, उंची 170 सेंटिमीटर, आणि गेल्या भाद्रपदात गौरी-गणपतींचे विसर्जन झाले त्या वेळी वजन 88 किलो होते. तालुक्याच्या गावी तो ज्या व्यायामशाळेत नाव घालून आला होता, तिथल्या प्रशिक्षकाने त्याला कागदावर हिशेब मांडून 76 किलोंची तारीख काढून दिली होती. ती तारीख नेमकी होळीच्या आसपास येत होती, म्हणून दादाला विशेष आनंद झाला होता, कारण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची त्याची हौस दोन वर्षे गुडघ्यांमुळे राहून गेली होती. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात फाल्गुनातल्या त्या चौकोनाभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केला. आता होळी दीड महिन्यावर आली होती, काटा 81 वर अडकल्यासारखा दिसत होता आणि प्रशिक्षक म्हणाला होता की गणित खोटे बोलत नाही, तुम्हीच कुठेतरी खाता आहात. घरीही वहिनीने एकदा विचारले होते, "अहो, खरे सांगा, दुकानातल्या बरणीत हात जात नाही ना?" दादाला हा प्रश्न फार लागला होता.

मलाही तो लागला. मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा भागाकार मला नवा नाही. पण एका सरळ माणसावर घरच्याच माणसांनी संशय घ्यावा, आणि त्या संशयाला आधार म्हणून एक आकडा पुढे करावा, हे काही केल्या मनातून जाईना. म्हणून मी त्याला त्याची सगळी टिपणे पाठवायला सांगितली. दुकानदाराची वही ती, रोजचे वजन आणि रोजचे खाणे त्यात उधारीच्या नोंदींइतक्याच काळजीने लिहिलेले होते.

प्रशिक्षकाने मांडलेला हिशेब आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. एक किलो चरबी म्हणजे 7,700 कॅलरी. बारा किलो घटवायचे तर 92,400 कॅलरींची तूट हवी. रोज खर्चापेक्षा 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर 92,400 भागिले 500, म्हणजे 185 दिवस. खर्चाचा अंदाजही त्याने रीतसर काढला होता. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन–सेंट जोर सूत्रात पुरुषासाठी वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, अधिक पाच, एवढेच करावे लागते. दादाच्या बाबतीत ते 1,718 येते, म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिला तरी शरीर तेवढे जाळणार. दुकानात बसून होणारी थोडीफार हालचाल धरून त्याला 1.4 ने गुणले की साधारण 2,400. म्हणून रोजचे खाणे 1,900. यात कुठेही आकडेमोडीची चूक नाही.

7,700 हा आकडाही हवेतून आलेला नाही. आपल्या पोटावरचा चरबीचा थर म्हणजे निव्वळ तेल नव्हे. त्या पेशींत थोडे पाणी आणि प्रथिने असतात, आणि शुद्ध स्निग्धांश साधारण 87 टक्के धरला जातो. एका किलोतले 870 ग्रॅम स्निग्ध, ग्रॅमला नऊ कॅलरींहून थोडी अधिक ऊर्जा, म्हणजे आठ हजारांच्या अलीकडचा आकडा येतो. मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकी डॉक्टरने 1958 मध्ये असाच हिशेब मांडून एका पौंडामागे 3,500 कॅलरी असे म्हटले. पौंडाचे किलो केले की आपले 7,700 मिळतात. चरबीच्या एका किलोत किती ऊर्जा साठलेली आहे, या प्रश्नाचे हे उत्तर आजही बऱ्यापैकी बरोबर आहे. बिघडते ते पुढच्या पायरीवर, जिथे आपण या आकड्याला रोजच्या तुटीने भागतो आणि ती तूट 185 दिवस जशीच्या तशी राहील असे गृहीत धरतो.

दादाचा या भागाकारावर विश्वास बसला तो पहिल्याच पंधरवड्यात, आणि तो विश्वास बसावा असेच त्या पंधरवड्यात घडले. नियमाप्रमाणे आठवड्याला साडेचारशे ग्रॅम उतरायला हवे होते, प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरले. शिमग्याच्या आधीच 76 गाठणार, असे त्याने वाडीत सांगूनही टाकले. या जादा उतरणीचा चरबीशी फारसा संबंध नसतो. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने काहीशे ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी झाले, भात अर्ध्यावर आला की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जाते. लोणचे, पापड, सुका बांगडा कमी झाल्याने मीठ उतरते, तेही आपल्यापुरते पाणी घेऊन जाते. दादाच्या वहीवरून पाहता सुरुवातीला गेलेल्या वजनात असे एक किलो तरी पाणीच असावे. सणावाराला दोन दिवस पोटभर जेवले की ते परत येते, आणि मग माणूस घाबरतो की दोन जेवणांत एक किलो चरबी चढली. एक किलो चरबी चढायला खर्चाच्या वर 7,700 कॅलरी खाव्या लागतील, हे तोच नियम सांगतो. पण अशा वेळी तो कोणाला आठवत नाही.

खरी अडचण मात्र त्यानंतर सुरू होते आणि इतकी हळू येते की वहीतही ती एकदम दिसत नाही.

88 किलोंचे शरीर 2,400 कॅलरी जाळत होते. वजन उतरले की तेच सूत्र पुन्हा मांडून पाहावे. दर किलोमागे पडल्या जागीचा खर्च दहा कॅलरींनी घटतो आणि 1.4 ने गुणल्यावर चौदांनी. कारण उघड आहे, पोसायला शरीर कमी उरते आणि तेच शरीर उचलून घाटी चढायलाही कमी लागते. पण घट चौदांवर थांबत नाही. अन्न पचवण्यासाठीच अन्नातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा खर्ची पडतो, तो कमी खाण्याबरोबर कमी होतो. आणि शरीराचा आकार जितका घटला त्या मानाने अपेक्षित असलेल्यापेक्षाही खर्च आणखी खाली येतो. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, थायरॉइडचे काम थोडे मंदावते, स्नायू तेच काम कमी इंधनात करू लागतात आणि माणूस नकळत कमी हलतो. दिवसातून चार वेळा गोदामात जाणारा दुकानदार तीनदाच जातो, आणि त्याला विचारले तर तो शपथेवर सांगेल की काही बदललेले नाही.

हे सगळे एकत्र करून किती, याचे सर्वांत उपयोगी उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिले. त्यांच्या ढोबळ नियमाप्रमाणे रोजच्या खाण्यात कायमची दहा कॅलरींची घट केली तर शेवटी वजन सुमारे एक पौंडाने उतरते, आणि तिथेच थांबते. त्यातली निम्मी उतरण व्हायला जवळपास वर्ष लागते आणि जवळजवळ पूर्ण व्हायला तीन वर्षे. हाच नियम उलटा वाचला तर असे निघते की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च सुमारे 22 कॅलरींनी घटतो. ही सरासरी आहे, व्यक्तीगणिक ती थोडी इकडेतिकडे होणार, पण कागदावर मांडायला एवढी पुरेशी आहे.

आता दादाचे बारा किलो या रीतीने पुन्हा उतरवून पाहू. एकदम बारा न घेता तीन-तीन किलोंचे चार टप्पे करावेत. पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला तूट 500 असते, तीन किलो उतरेपर्यंत ती 66 ने घटते, म्हणून सरासरी 467 धरावी. तीन किलोंच्या 23,100 कॅलरींना 467 ने भागले की 49 दिवस. दुसऱ्या टप्प्यात सरासरी तूट 401 उरते आणि दिवस लागतात 58. तिसऱ्यात तूट 335, दिवस 69. चौथ्यात तूट 269 आणि दिवस 86. एकूण 262. म्हणजे दादाने एक दाणाही जास्त खाल्ला नसता तरी 76 किलो होळीला येणार नव्हते, ते मृग नक्षत्राच्या तोंडावर, जूनच्या सुरुवातीला येणार होते. पहिले तीन किलो सात आठवड्यांत आणि शेवटचे तीन बारा आठवड्यांत, खाणे मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच 1,900. पिंपाच्या तळाशी असलेली तोटी तेवढीच उघडी ठेवली तरी पाण्याची पातळी उतरत जाते तशी धार बारीक होते, तसेच हे आहे. तोटी कोणी मागे फिरवलेली नसते.

दादाला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे त्याला ठाऊक असायला हवे होते." असायला हवे होते, असेच माझेही मत आहे. तारीख देणाऱ्याने ही घसरण आधी सांगितली असती, तर डिसेंबरात उतरण मंदावली त्या वेळी घरात चौकशी सुरू झाली नसती.

या भागाकाराचा आणखी एक दोष मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो उशिरा येणाऱ्या तारखेचा नाही, कधीच न येणाऱ्या तारखेचा आहे. समजा दादाने रोज 500 ऐवजी 250 कॅलरीच कमी केल्या असत्या. 92,400 भागिले 250, म्हणजे 370 दिवस. उत्तर निर्धोक दिसते, वर्षभराचे काम आहे आणि त्रासही कमी आहे. पण किलोमागे 22 कॅलरींची घट धरली तर 250 ची तूट अकरा किलो आणि काही ग्रॅम उतरल्यावर संपूर्ण संपते. त्या वजनाला नवा खर्च आणि खाणे सारखे होतात आणि काटा थांबतो. बारावा किलो त्या खाण्यावर कधीच उतरणार नाही, शंभर दिवसांत नाही आणि दहा वर्षांतही नाही. साधा भागाकार मात्र कुठल्याही तुटीला एक तारीख काढून देतोच, कारण त्याच्यात थांबण्याची जागाच नाही. रोज शंभर कॅलरी कमी करून पाच वर्षांत अमुक इतके किलो, अशी जी गणिते फिरत असतात, त्यांच्यापाशी विचारायचा पहिला प्रश्न हा की या तुटीने शेवटी किती किलोंवर थांबायचे आहे. शंभराला 22 ने भागावे. साडेचार किलो येतात, तेही दोन-तीन वर्षांत.

आणि थांबण्याची जागा ध्येयाच्या जितकी जवळ, तितकी तारीख नाजूक होते. 500 च्या तुटीला दादा शेवटी जवळपास 23 किलो उतरला असता, म्हणून बारा किलो हे त्या वाटेच्या मध्यावर होते. तूट 400 असेल तर थांबण्याची जागा 18 किलोंवर येते आणि वरचेच चार टप्पे मांडले तर दिवस होतात 375. शंभर कॅलरींचा फरक, आणि तारीख जूनवरून पुढच्या गणपतींच्याही पलीकडे गेली. सरळ भागाकाराने हाच फरक दीड महिन्याचा दिसला असता.

शंभर कॅलरी कुठेही लपतात. आमच्या कोकणात तर त्यांना लपायला खास जागा आहे.

दादाच्या वहीत मी आधी ती जागा शोधली नाही, आधी काट्याकडे पाहिले, कारण खाण्याच्या नोंदींपेक्षा वजनाच्या नोंदी अधिक खऱ्या असतात. एकेका दिवसाचे वजन मात्र काही सांगत नाही. 500 च्या तुटीने दिवसाला 65 ग्रॅम चरबी जाते, आणि पाण्यामिठामुळे, पोट साफ झाले-न झाले यामुळे तोच काटा एका रात्रीत किलोभर हलतो. एवढ्या हेलकाव्यात 65 ग्रॅम दिसणार कसे? म्हणून रोज सकाळी, शौचानंतर आणि चहाआधी घेतलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांनी अशा दोन सरासरींतला फरक घ्यावा. दादाच्या जानेवारीतल्या चार आठवड्यांत ही सरासरी एका किलोने उतरली होती. 7,700 भागिले 28, म्हणजे रोजची खरी तूट 275. इथे तो नियम पूर्ण उपयोगी पडतो. पुढच्या सहा महिन्यांची तारीख सांगायला तो अपुरा आहे, पण सुरुवातीचे पाण्याचे दिवस वगळून गेल्या महिन्यात काय घडले ते सांगायला मला त्याच्याइतके सोपे साधन दुसरे माहीत नाही.

कागदावर तूट 500 आणि काट्यावर 275. मधल्या 225 कॅलरी गेल्या कुठे, हाच वहिनीचा आणि प्रशिक्षकाचा प्रश्न होता, फक्त त्यांनी तो आरोपाच्या रूपात विचारला होता. दादाचे सात किलो उतरले होते, त्यातले एक पाण्याचे सोडले तर चरबीचे साधारण सहा. सहा गुणिले 22, म्हणजे 132 कॅलरी तर त्याच्या शरीराने आपला खर्च कमी करून वाचवल्या होत्या. हरवलेल्या तुटीतला निम्म्याहून मोठा भाग असा निघाला की ज्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता, उलट वजन खरोखर उतरल्याचा तो पुरावा होता. उरल्या 93. या 93 बद्दल दोन शक्यता असतात आणि बाहेरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. एक, खाण्याची नोंद तेवढी कमी होत असेल. दोन, सुरुवातीचा 2,400 हा अंदाजच थोडा जास्त असेल, कारण 1.4 ने गुणणे हा शेवटी अंदाजच आहे आणि सारख्या वजनाच्या, उंचीच्या, वयाच्या दोन माणसांत शंभर-दोनशे कॅलरींचा फरक सहज असतो.

दुसरी शक्यता घरी तपासता येत नाही, पहिली येते. त्या शनिवारी मी वाडीवर गेले आणि वहिनी कालवणाची तयारी करत होती तिथे वजनकाटा घेऊन बसले. बांगडे साफ करून ठेवले होते. ती विळीच्या खवणीवर नारळ खवत होती, पांढरा चव परातीत साचत होता, बाजूला धणे, तिरफळे आणि भिजवलेली मिरची. पाट्यावर जायच्या आधी मी तो चव तोलला. दीडशे ग्रॅम भरला. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे त्या पातेल्यात सव्वापाचशे कॅलरी नुसत्या वाटणाच्या, आणि जेवणारी माणसे पाच. दर माणशी शंभराहून थोड्या जास्त. दादाच्या वहीत त्या दिवशीची नोंद होती, 'बांगड्याचे कालवण, एक वाटी', आणि पुढे मोबाइलवरच्या कोणत्यातरी यादीतून घेतलेला आकडा. त्या यादीतले कालवण कोणाच्या घरचे होते कोण जाणे, पण आमच्या घरचे नव्हते. तो तांदूळ तोलत होता, भाकरी मोजत होता, चमच्याने तेल घेत होता. खोबरे त्याच्या लेखी मोजायची वस्तूच नव्हती, कारण ते आमच्याकडे विकत येत नाही, आवारातल्या माडावरून येते आणि मिठासारखे प्रत्येकात पडते. वहिनीने काटा पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे मीच घालत होते की!" दुकानातल्या बरणीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

शंभर कॅलरी सापडल्या म्हणून खोबरे बंद करा असे मी सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. चव निम्मा करता येतो, किंवा चव तोच ठेवून भाकरी कमी करता येते, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. प्रशिक्षकाने त्याला तारीख गाठण्यासाठी खाणे 1,200 वर आणायला सांगितले होते, आणि दादा ते करायच्या बेतात होता. होळीपर्यंतचे सहा आठवडे आणि उरलेले पाच किलो भागाकारात बसवले की असाच काहीतरी आकडा निघतो. पण तूट जितकी तीव्र, तितकी शरीराची काटकसर वाढते, आणि उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचा वाटाही वाढत जातो. टोकाचे उदाहरण 1944–45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी केलेल्या प्रयोगाचे आहे. तिथे 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण पडल्या जागीचा ऊर्जाखर्च सुमारे 40 टक्क्यांनी घसरला. ते तरुण थंडीने गारठत, जिना चढायला कंटाळत, आणि अन्नाखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरे काही उरले नव्हते. दादाचे 1,200 तितके टोकाचे नसले तरी दिशा तीच होती. शिवाय स्नायूच्या एका किलोत चरबीच्या किलोच्या तुलनेत फार कमी ऊर्जा असते, म्हणून स्नायू जात असतील तर काटा झपाट्याने उतरतो आणि माणूस खूश होतो. पालखी खांद्यावर घेऊन नाचायचे आहे ज्याला, त्याने मांडीचे स्नायू देऊन किलो विकत घेण्यात काय अर्थ आहे? तो 1,900 वरच राहिला, हे मला फार बरे वाटले.

मग आम्ही दोघांनी ओटीवर बसून उरलेल्या पाच किलोंची नवी मांडणी केली. खोबऱ्याचा हिशेब तसाच राहिला, तर आजची खरी तूट 275. अडीच-अडीच किलोंच्या दोन टप्प्यांत 78 आणि 100 दिवस, म्हणजे जुलैअखेर. ते शंभर सावरले, तर तूट 375, दिवस 55 आणि 66, म्हणजे जूनची सुरुवात. मधे एप्रिल-मे येतात, चाकरमानी घरी येतात, हापूस आणि फणस येतो, आणि त्या दोन महिन्यांत कोकणात कोणीही रोजची तूट सांभाळून दाखवावी असे मला वाटत नाही. म्हणून एक तारीख न लिहिता दोन लिहिल्या, आणि दर चार आठवड्यांनी खरी तूट काट्यावरून काढून दोन्ही नव्याने मांडायच्या असे ठरले. पाच किलो शिल्लक असताना दोन महिन्यांचा फरक पडतो, हे त्याने स्वतःच्या हाताने मांडून पाहिले, आणि माझ्या सांगण्यापेक्षा त्याला ते अधिक पटले. होळीला तो 80 च्या आतबाहेर असणार, हेही त्याच कागदावर निघाले. पालखीला आठ किलो कमी असलेले गुडघे चालतील का, हा प्रश्न त्याने मला विचारला. मी त्याला गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले, कारण ते माझ्या हिशेबातले नव्हते.

निघताना त्याने आणखी एक गोष्ट विचारली. तारीख काढणाऱ्याने तिचा उच्चारही केला नव्हता. "76 झाल्यावर किती खायचे?" तो मनात 2,400 धरून चालला होता, मोहीम संपली की पूर्वीचे जेवण. 76 किलोंचा दादा 2,400 जाळणार नाही. बारा गुणिले 22, म्हणजे 264 वजा करा, 2,136 उरतात. त्याच्या वहीत खोबऱ्याचे शंभर लिहिले जाणार नसतील, तर वहीतला आकडा 2,036 असायला हवा. म्हणजे आज तो 1,900 लिहितो त्यापेक्षा जेमतेम दीडशे जास्त, एक भाकरी आणि वर थोडेसे काही. त्याने तो आकडा वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि वहिनीलाही दाखवला, कारण स्वयंपाक तिच्या हातात आहे आणि जूननंतरही तो रोजच होणार आहे.